कर्जाची मर्यादा आणि चालत्या कारखान्याची विक्री: संचालकांना भागधारकांकडे कधी जावे लागते?

कंपनीचा रोजचा कारभार संचालक मंडळ पाहते. माल कोणाकडून घ्यायचा, भाव काय ठेवायचा, कोणाला नोकरीवर घ्यायचे, यासाठी कोणी भागधारकांची सभा बोलावत नाही. मात्र कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८० ने काही निर्णय मंडळाच्या हातातून काढून भागधारकांच्या विशेष ठरावावर सोपवले आहेत. त्यांपैकी दोन व्यवहारात सतत समोर येतात. एक म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या भांडवलापेक्षा जास्त कर्ज काढणे आणि दुसरा म्हणजे कंपनीचा चालता धंदा किंवा त्याचा मोठा भाग विकणे अथवा भाड्याने देणे. १९५६ च्या जुन्या कायद्यात कलम २९३ प्रमाणे अशा कामांना साधा ठराव पुरत असे, म्हणजे निम्म्याहून अधिक मते मिळाली की काम होत असे. १२ सप्टेंबर २०१३ पासून कलम १८० लागू झाले आणि तिथे विशेष ठराव आला, म्हणजे बाजूची मते विरोधातील मतांच्या किमान तिप्पट लागू लागली. अजूनही काही संचालकांच्या मनात जुनाच हिशेब असतो आणि मग बँकेचा वकील कागदपत्रे मागतो तेव्हा धावपळ होते.

हे कलम कोणाला लागू नाही, ते आधी पाहून घेऊ. मराठवाड्यातील औद्योगिक वसाहतींत दिसणाऱ्या बहुतेक पाट्यांवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असते, आणि केंद्र सरकारच्या ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांना या कलमातून सूट दिलेली आहे. पुढे १३ जून २०१७ च्या अधिसूचनेने या सुटीला अट जोडली, ती अशी की कंपनीने आपला ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करण्यात कसूर केलेली नसावी. त्यामुळे विवरणपत्रे थकलेली खासगी कंपनी ही सूट आपोआप गृहीत धरू शकत नाही. शिवाय एखादी खासगी कंपनी सार्वजनिक कंपनीची उपकंपनी असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती सार्वजनिकच समजली जाते. सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या यांचा या कलमाशी संबंध नाही; त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात. तेथील कारखाना विक्रीची वर्तमानपत्रांत गाजणारी प्रकरणे वाचून कंपनीचे नियम ठरवू नयेत.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते रचलेले आहेत. लातूरला डाळ मिल आणि परभणीला कापसाचे जिनिंग-प्रेसिंग युनिट असलेली एक सार्वजनिक कंपनी आहे. ती शेअर बाजारात नोंदलेली नाही आणि तिचे ६० सभासद आहेत. लेखापरीक्षित ताळेबंदाप्रमाणे तिचे भरणा झालेले भागभांडवल ६ कोटी रुपये, शेअर प्रीमियम २ कोटी, आणि सर्वसाधारण राखीव निधी व शिल्लक नफा मिळून १० कोटी रुपये आहेत. याशिवाय काही वर्षांपूर्वी जमिनीचे पुनर्मूल्यांकन करून ५ कोटींचा राखीव निधी दाखवलेला आहे. डाळ मिलच्या विस्तारासाठी मंडळाला बँकेकडून ६ कोटींचे नवे मुदत कर्ज घ्यायचे आहे.

मंडळाला आपल्या अधिकारात किती कर्ज काढता येते, याचे उत्तर कलम १८०(१)(ग) मध्ये आहे. आधीचे कर्ज आणि नवे कर्ज यांची बेरीज भरणा झालेले भांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या एकत्रित रकमेपेक्षा जास्त होत असेल, तर विशेष ठराव लागतो. शेअर प्रीमियम या बेरजेत सुरुवातीला नव्हता. २०१७ च्या दुरुस्तीने तो आला आणि ती तरतूद ९ फेब्रुवारी २०१८ पासून अमलात आली. आपल्या कंपनीसाठी ही बेरीज ६ अधिक २ अधिक १०, म्हणजे १८ कोटी होते.

नेमकी इथेच पहिली गल्लत होते. ताळेबंदाच्या पहिल्या पानावर भागधारकांच्या निधीपुढे २३ कोटी हा आकडा दिसतो आणि संचालक तोच धरून बसतात. परंतु मुक्त राखीव निधी म्हणजे लाभांश म्हणून वाटता येईल असाच निधी. जमिनीची किंमत कागदावर वाढवल्याने आलेले ५ कोटी वाटता येत नाहीत, म्हणून ते मर्यादेतही धरता येत नाहीत. कंपनीचे जमीनदार म्हणून वजन वाढले तरी मंडळाची कर्जाची मर्यादा तसूभरही वाढत नाही.

दुसऱ्या बाजूला कर्ज मोजायचे. जुन्या मुदत कर्जाची बाकी ११ कोटी आहे. एका संचालकाने वेळोवेळी दिलेली बिनतारण रक्कम २ कोटी आहे. तीही कर्जच, ‘घरचेच पैसे आहेत’ म्हणून ती सुटत नाही. तुरीच्या हंगामात खरेदीसाठी बँकेकडून ९ कोटींची कॅश क्रेडिट मर्यादा घेतलेली आहे. ही रक्कम मात्र बेरजेत येत नाही, कारण कंपनीच्या बँकेने नित्याच्या व्यवहारात दिलेली तात्पुरती कर्जे कायद्याने वगळली आहेत. मागणी होताच किंवा सहा महिन्यांच्या आत परत करायची कर्जे, कॅश क्रेडिट, हुंड्या वटवून घेतलेली रक्कम आणि हंगामी स्वरूपाची अल्प मुदतीची कर्जे यात बसतात. म्हणजे आधीचे मोजण्याजोगे कर्ज १३ कोटी, त्यात नवे ६ कोटी मिळवले की १९ कोटी. मर्यादा १८ कोटींची असल्याने एका कोटीसाठी का होईना, विशेष ठराव लागणारच.

या ठिकाणी एखादा संचालक तोडगा सुचवतो. मुदत कर्ज साडेचार कोटींचेच घेऊ, मग बेरीज साडेसतरा कोटी होईल आणि सभेची कटकट टळेल. डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स यंत्राचे दीड कोटी कॅश क्रेडिटमधून भागवू. कागदावर हे जमते, कायद्यात जमत नाही. भांडवली खर्चासाठी उभारलेले कर्ज तात्पुरते समजले जाणार नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. कर्ज तूर घेण्यासाठी काढले की यंत्र घेण्यासाठी, हे खात्याच्या नावावरून ठरत नसून हेतूवरून ठरते. यंत्रासाठीच उचललेले ते दीड कोटी बेरजेत परत येतात आणि आकडा पुन्हा १९ कोटींवर जातो. लेखापरीक्षकाला हे शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण कॅश क्रेडिटच्या खात्यातून यंत्र पुरवठादाराला गेलेली रक्कम उताऱ्यात उघड दिसते. सुटीचा लाभ फक्त बँकेच्या तात्पुरत्या कर्जाला आहे, हेही ध्यानात ठेवावे. वित्त कंपनीकडून घेतलेली रक्कम अल्प मुदतीची असली तरी मोजली जाते.

मर्यादा एकदा काढली म्हणजे कायमची झाली, असेही नाही. पुढच्या वर्षी कंपनीला ३ कोटींचा तोटा झाला, तर मुक्त निधी घटून मर्यादा १५ कोटींवर येते. त्याने जुने कर्ज बेकायदा ठरत नाही, कारण तपासणी कर्ज काढण्याच्या वेळी करायची असते. परंतु त्यानंतर घेतलेले प्रत्येक नवे कर्ज नव्या, आखूड मर्यादेशी ताडून पाहावे लागते.

म्हणूनच ठरावाचा मसुदा विचार करून लिहावा. मंडळाने एकूण किती रकमेपर्यंत कर्ज काढावे, तो आकडा ठरावात असलाच पाहिजे, असे कलम १८०(२) सांगते. ‘भांडवल आणि राखीव निधी यांच्या वर आणखी २० कोटी’ अशी वाक्यरचना काही ठरावांत आढळते, पण माझ्या मते ती टाळावी. राखीव निधी दरवर्षी हलतो आणि त्याबरोबर एकूण आकडाही हलतो, त्यामुळे नेमकी संमती किती रकमेला होती याचा वाद उभा राहतो. ‘भरणा झालेले भांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा जास्त झाले तरी, बँकेची नित्याची तात्पुरती कर्जे वगळून फेडायचे बाकी असलेले एकूण कर्ज कोणत्याही वेळी ३० कोटी रुपयांपेक्षा अधिक होणार नाही’ असे लिहिले की वाचणाऱ्याला बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. थोडा वाव ठेवलेला बरा, म्हणजे दर कर्जाला सभा घ्यावी लागत नाही. मात्र १८ कोटींची कुवत असलेल्या कंपनीने १५० कोटींची संमती मागितली, तर भागधारकांनी कारण विचारायलाच हवे.

ठराव न करताच कर्ज घेतले तर काय? कलम १८०(५) नुसार मर्यादेबाहेरचे कर्ज कंपनीवर बंधनकारक ठरत नाही. अपवाद एकच आहे: मर्यादा ओलांडली गेल्याची कल्पना नसताना आपण प्रामाणिकपणे पैसे दिले, हे कर्ज देणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, कंपनीवर नाही. आता बँकेची अडचण पाहा. कर्ज मंजूर करण्यापूर्वी ती कंपनीचे ताळेबंद मागवते, इतर बँकांच्या कर्जाची यादी घेते आणि सारे आकडे आपल्या फाइलमध्ये लावून ठेवते. तिने पुढे न्यायालयात ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणणे कसे टिकणार? म्हणून मंजुरीपत्रात कलम १८० च्या ठरावाची प्रमाणित प्रत ही अट असते, आणि ती प्रत मिळेपर्यंत बँक पैसे सोडत नाही. सूट असलेल्या खासगी कंपनीकडेही काही बँका सवयीने ही प्रत मागतात. तिथे सुटीची अधिसूचना आणि दाखल विवरणांच्या पावत्या दाखवल्यावर सहसा विषय मिटतो. संचालकाने स्वतः दिलेल्या बिनतारण रकमेची गोष्ट आणखी अवघड आहे. मंडळाच्या सभेत बसणाऱ्या माणसाला मर्यादा ठाऊक नव्हती, हे पटवून देणे सोपे नाही.

बँक बहुधा एकाच वेळी दुसरा ठरावही मागते, आणि तो कलम १८०(१)(क) खालचा असतो. हे उपकलम विक्री, भाडेपट्टा किंवा अन्य प्रकारे विल्हेवाट यांबद्दल बोलते. कर्जासाठी मिल गहाण ठेवणे ही विल्हेवाट आहे का, यावर कायदेतज्ज्ञांत मतभेद आहेत. कर्ज थकले तर तीच मिल विकून वसुली करावी लागणार, म्हणून बँका जोखीम घेत नाहीत आणि तारण देण्याचा ठराव आधीच करून मागतात. वाद घालत बसण्यापेक्षा त्याच सभेत दोन्ही ठराव करून घेणे शहाणपणाचे ठरते.

आता विक्रीकडे वळू. समजा, दोन वर्षांनी परभणीच्या जिनिंग युनिटसाठी चांगली मागणी आली आणि मंडळाने ते विकायचे ठरवले. हे मंडळाला परस्पर करता येईल का, हे पाहताना ते युनिट कायद्याच्या अर्थाने उपक्रम ठरते का, हे प्रथम तपासावे लागते. त्यासाठी दोन कसोट्या आहेत आणि एक जरी लागू पडली तरी पुरे. पहिली अशी की आदल्या आर्थिक वर्षाच्या लेखापरीक्षित ताळेबंदाप्रमाणे त्या उपक्रमातील कंपनीची गुंतवणूक नेटवर्थच्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या भांडवल व निधीच्या, २० टक्क्यांहून अधिक असावी. दुसरी अशी की आदल्या आर्थिक वर्षात कंपनीच्या एकूण उत्पन्नाचा २० टक्के भाग त्या उपक्रमातून आलेला असावा. नेटवर्थमध्येही पुनर्मूल्यांकनाचा निधी धरला जात नाही. सोयीसाठी आकडे तेच ठेवले, तर नेटवर्थ १८ कोटी आणि त्याचे २० टक्के ३ कोटी ६० लाख. जिनिंगमधील गुंतवणूक ३ कोटी २० लाख आहे, म्हणजे पहिली कसोटी लागू पडत नाही. परंतु कंपनीच्या ६० कोटींच्या एकूण उत्पन्नापैकी १५ कोटी जिनिंगचे आहेत, म्हणजे २५ टक्के. दुसऱ्या कसोटीवर हा उपक्रम ठरतो आणि विशेष ठराव लागतो.

हे आकडे ताळेबंदाच्या मुख्य पानांवर सापडत नाहीत, कारण तिथे संपूर्ण कंपनीचा हिशेब असतो. युनिटनिहाय हिशेब वेगळा काढून तो सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. सामायिक गोदाम, मुख्य कार्यालयाचा खर्च आणि दोन्ही युनिटांसाठी घेतलेले कर्ज यांची वाटणी कशी केली, यावर २० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे जाणे अवलंबून असते. अल्पसंख्य भागधारकांनी प्रश्न विचारायचा तर इथे विचारावा. वर्षाकडेही लक्ष ठेवावे. जिनिंग एक पूर्ण हंगाम बंद ठेवले, तर पुढच्या वर्षी मागील वर्षाचे उत्पन्न शून्य दिसते आणि शब्दशः वाचता दुसरी कसोटी गळून पडते. युनिट आधी बंद आणि मग घाईने विक्री, असा क्रम दिसला तर तो निव्वळ योगायोग समजू नये.

पूर्ण युनिट न विकता तुकडा विकला तर? उपक्रमाच्या ताळेबंदातील किमतीच्या २० टक्के किंवा त्याहून अधिक भाग एका आर्थिक वर्षात विकला, तर तो जवळजवळ संपूर्ण उपक्रम विकल्यासारखाच मानला जातो. जिनिंगची पुस्तकी किंमत ३ कोटी २० लाख धरली, तर ही रेषा ६४ लाखांवर आहे, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच खाली आहे. बाजारभाव इथे गैरलागू आहे. मोजमाप ताळेबंदातील किमतीने होते, म्हणून विकल्या जाणाऱ्या भागाचीही पुस्तकी किंमतच धरणे सुसंगत ठरते. दुसरीकडे, उपक्रम म्हणजे हक्क, देणी आणि मालमत्ता यांसह चालणारा धंदा, सुटी वस्तू नव्हे, ही दृष्टी न्यायालयांनी घेतलेली आहे. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही उपक्रमाकडे असेच पाहिले होते. त्यामुळे जुनी प्रेस काढून नवी बसवणे हा धंदा विकणे नव्हे, असे म्हणायला जागा आहे. पण एप्रिलमध्ये प्रेस, जुलैमध्ये जिनिंगची यंत्रे आणि डिसेंबरमध्ये शेड असे सारे एकाच खरेदीदाराकडे गेले, तर तुकड्यांची बेरीज कोणीही करील. भाडेपट्टाही यातून सुटत नाही. ‘विकले कुठे, पाच हंगाम चालवायला दिले’ हे उत्तर चालत नाही, कारण कलमात भाड्याने देण्याचा उल्लेख स्पष्ट आहे.

विशेष ठरावाचे गणित भल्याभल्यांना चकवते. ठरावाच्या बाजूची मते विरोधातील मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. ती पडलेल्या मतांवर मोजली जातात. गैरहजर किंवा तटस्थ राहिलेल्यांची मते कोणत्याच बाजूला धरली जात नाहीत. आपल्या कंपनीचे ६० लाख शेअर आहेत आणि त्यांपैकी ३९ लाख, म्हणजे ६५ टक्के, प्रवर्तक कुटुंबाकडे आहेत. जुन्या कायद्यात एवढ्यावर विक्री सहज मंजूर झाली असती. आता मतदानात उरलेल्यांपैकी १४ लाख शेअर विरोधात पडले, तर ४२ लाख बाजूने हवेत आणि ठराव फेटाळला जातो, जरी पडलेल्या मतांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक मते बाजूने असली तरी. विरोधात १३ लाखच पडले, तर ३९ लाख ही नेमकी तिप्पट होते आणि ठराव मंजूर होतो. सभेला येण्याचा कंटाळा करणाऱ्या एखाद्या लाख शेअरवाल्या भागधारकावर संपूर्ण युनिटचे भवितव्य ठरू शकते.

सभेची नोटीस २१ पूर्ण दिवस आधी द्यायची, ठराव विशेष ठराव म्हणून मांडण्याचा इरादा त्यात लिहायचा, आणि सोबत स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडायचे. खरेदीदार कोण, किंमत कशी ठरवली आणि संचालकांचा त्यात काही हितसंबंध आहे का, हे त्या निवेदनात नसेल तर पुढे आव्हान मिळू शकते. सभासद २०० पेक्षा जास्त असतील तर उपक्रम विक्रीचा ठराव टपाली मतदानाने घ्यावा लागतो. कंपनीने कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय दिली असेल तरच तो सभेत घेता येतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सेबीच्या २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे आणखी एक पायरी आहे: प्रवर्तक सोडून सर्वसामान्य भागधारकांची बाजूची मतेही विरोधी मतांपेक्षा जास्त हवीत. ठराव मंजूर झाल्यावर ३० दिवसांत MGT-14 हा अर्ज निबंधकाकडे दाखल होतो. कर्जाच्या बाबतीत तारणाची नोंद CHG-1 ने वेगळी करावी लागते, आणि तिचीही साधारण मुदत ३० दिवसांचीच आहे.

विक्री ठरावाविना झाली, तर परिणाम कर्जापेक्षा वेगळा आहे. प्रामाणिकपणे खरेदी केलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या व्यक्तीचा हक्क कलम १८०(३) ने सांभाळला आहे. मालमत्ता चांगल्या हेतूने घेणाऱ्याच्या हातात गेली, की ती परत मिळवणे भागधारकांना फार कठीण. त्यांचे भांडण मग संचालकांशी उरते. त्यामुळे विरोध करायचा असेल तर तो खरेदीखतापूर्वी, लेखी, आणि जमल्यास खरेदीदारालाही कळवून करावा. सर्व माहीत असून खरेदी करणाऱ्याला प्रामाणिकपणाचा आधार घेणे मग कठीण होते.

विक्रीला तत्त्वतः विरोध नसलेल्या, पण पैसे कुठे जातील याची धास्ती असलेल्या भागधारकांसाठी कलम १८०(४) उपयोगाचे आहे. आलेल्या रकमेचा वापर, विनियोग किंवा गुंतवणूक याविषयीच्या अटी ठरावातच घालता येतात. जिनिंगच्या विक्रीतून आलेल्या पैशातून आधी मुदत कर्जाची बाकी फेडावी आणि संचालकाची बिनतारण रक्कम त्यानंतरच परत करावी, अशी अट परभणीच्या युनिटच्या ठरावात घालता येईल. मात्र नोटीस निघण्यापूर्वीच मंडळाशी बोलून ती मसुद्यात आणावी. सभेच्या दिवशी हात वर करून सुचवलेला बदल नोटिशीतील ठरावाच्या बाहेर जातो म्हणून अध्यक्ष नाकारू शकतात.